एकच कुत्रं, दोन जखमा, दोन वेगळे उपचार

आमच्या गल्लीतल्या कुत्र्याने माझ्या दहा वर्षांच्या भाच्याच्या हाताला चावा घेतला. त्याला सोडवताना माझ्या मनगटावर कुत्र्याची नखं ओढली गेली. रेबीज होऊ नये म्हणून दोघांचा उपचार एकाच खोलीत सुरू झाला, तरी तो सारखा नव्हता. असं का, हे नीट समजून घेतलं तर पुढचा गोंधळ टळतो, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी नळाखाली हात धरून साबणाने धुतले, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. रेबीजचा विषाणू आधी जखमेतच असतो, तिथून तो मज्जातंतूंमध्ये शिरतो. साबण त्याचं बाहेरचं आवरण फोडतो, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावलं. हळद, तिखट, चुना यातलं काही लावलं नाही. त्याने जखम चिघळते आणि डॉक्टरांना ती नीट दिसतही नाही.

रुग्णालयात डॉक्टरांनी जखमा उजेडात धरून पाहिल्या. वर्ग तीन आहेत. धड कातडीला जनावराने चाटलं किंवा तुम्ही त्याला हात लावला, तर वर्ग १. हकीकत खात्रीची असेल तर लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा किंवा खरचटणं झालं, तर वर्ग २, म्हणजे लस. कातडी भेदून दात किंवा नख आत गेलं, फुटलेल्या कातडीला चाटलं, किंवा लाळ डोळ्यांत-तोंडात गेली, तर वर्ग ३, म्हणजे लस आणि जोडीला सीरम. माझा ओरखडा दुसऱ्या वर्गात बसला. भाच्याच्या हाताच्या मागच्या बाजूला आणि तर्जनीवर दातांची भोकं होती, रक्त आलं होतं, म्हणून तो तिसऱ्या वर्गात. भोक बारीक दिसतं म्हणून जखम किरकोळ ठरत नाही. मांजराच्या सुईसारख्या दातांबाबत हे विशेष लक्षात ठेवा, ते खोल जातात.

सीरम कशासाठी? लशीनंतर शरीराला स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तोवर जखमेतला विषाणू मोकळा असतो. सीरममध्ये तयार प्रतिपिंडं असतात, ती जखमेतच सोडायची. भाचा २४ किलोचा. घोड्यापासून बनवलेल्या सीरमचं प्रमाण किलोमागे ४० युनिट, म्हणजे ९६० युनिट. त्या कुपीत एका मिलिलिटरला ३०० युनिट होती, म्हणून जास्तीत जास्त ३.२ मिलिलिटर. माणसापासून बनवलेलं असतं तर किलोमागे २० युनिट पुरलं असतं.

सुई प्रत्येक भोकात आणि त्याच्या कडेने घालावी लागते. हाताच्या मागच्या भागात जागा होती. बोटात मात्र फार औषध दाबलं तर रक्तप्रवाह अडतो, म्हणून डॉक्टरांनी बोट फिकट पडतंय का बघत थोडं थोडं सोडलं. उरलेलं मांडीत टोचण्याची जुनी पद्धत आहे, पण त्याचा फारसा फायदा नसतो. सीरम नंतर अर्धा तास आम्हाला तिथेच बसवलं. पहिल्या दिवशी सीरम मिळालं नाही, तर लस लगेच सुरू करून सात दिवसांच्या आत ते देता येतं. त्यानंतर नाही, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार होऊ लागतात. जखमेला टाके घातले नाहीत. टाक्यांनी विषाणू आणखी आत ढकलला जाऊ शकतो. अगदी गरज असली तरच सीरमनंतर सैल टाके घालतात.

लस दोघांनाही दोन्ही दंडांत, कातडीतच ०.१ मिलिलिटर. वेळापत्रक दिवस ०, ३, ७, २८, यात ० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. टोचल्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक पुळी उठायला हवी. भाच्याच्या एका दंडावर ती उठली नाही, औषध खोल गेलं होतं. सिस्टरने लगेच शेजारी पुन्हा टोचलं. स्नायूतली लस घेतली तर ०, ३, ७, १४, २८ असे पाच दिवस, दंडात. कुल्ल्यात नाही. एखादी तारीख चुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नसते, राहिलेला डोस लवकरात लवकर घ्यायचा.

आता जनावर. कुत्रं-मांजर आजारी पडण्याच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत विषाणू सोडतं, आणि लक्षणं दिसली की लवकरच मरतं. म्हणून चावल्यापासून दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर चावलं त्या दिवशी लाळेत विषाणू नव्हता. पण निकालाची वाट पाहत लस थांबवायची नसते. आमचं कुत्रं रोज चहाच्या टपरीपाशी दिसायचं, खात-पीत होतं. दहाव्या दिवसानंतर डॉक्टरांनी दोघांचाही २८ व्या दिवसाचा डोस रद्द केला. कुत्रं मेलं, दिसेनासं झालं किंवा विचित्र वागू लागलं, तर सगळे डोस पूर्ण. हा दहा दिवसांचा नियम फक्त कुत्र्या-मांजरांचा. मुंगूस, कोल्हा यांसारखं रानटी जनावर चावलं तर थेट वर्ग ३ धरतात.

केसपेपर जपून ठेवा. पुन्हा चावलं तर, आधीचे डोस नोंदलेले असले की, ० आणि ३ या दोनच दिवशी लस लागते आणि सीरम लागत नाही. जखम मात्र तेव्हाही साबणाने पंधरा मिनिटं धुवायचीच.