तो सावकार कोण?

“कादंबरी लेखकाच्याच घरातली असेल, तर गावगप्पा न होता तिच्यावर बोलायचं कसं?”

आमच्या दापोलीकडे पुस्तकावर गटात चर्चा करताना हे कठीणच. पालगड याच तालुक्यातलं, त्यामुळे ‘श्यामची आई’ चर्चेला घेतली की दहा मिनिटांत कुणीतरी विचारतंच, “तो सावकार म्हणजे नक्की कुणाच्या घरातला हो?” मग पुस्तक बाजूला राहतं आणि घराणी सुरू होतात.

मी एक अट घालतो. चर्चेत ‘साने गुरुजींना आईने मारलं’ असं म्हणायचं नाही, ‘श्यामला मारलं’ म्हणायचं. अट किरकोळ वाटते, पण तिच्यामुळे तीन माणसं वेगळी दिसू लागतात. पोहायला घाबरून लपलेला, आईचा मार खाणारा पोरगा हा एक श्याम. मोठेपणी आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री ती आठवण सांगणारा दुसरा. आणि 1933 साली नाशिकच्या तुरुंगात बसून या दोघांनाही लिहिणारे पांडुरंग सदाशिव साने. मार बसला तेव्हा पोराला काय वाटलं असेल, ते आपल्याला थेट कळतच नाही. आई कधीच गेलेली, भीती कधीच मोडलेली, अशा श्यामच्या तोंडून आपण ते ऐकतो. त्या मारात जी माया दिसते, ती किती त्या दिवसाची आणि किती नंतरची, यावर तासभर बोलता येतं. ‘खरंच इतकं मारायची का?’ यावर कुणी काहीही सांगो, विषय तिथेच संपतो.

लेखकाचं आयुष्य चर्चेत आणूच नये, असं मात्र मी म्हणत नाही. आणणाऱ्याला फक्त विचारतो, “हे कळल्यावर पुस्तकातलं कुठलं वाक्य तुम्ही वेगळं वाचाल?” तुरुंगाची माहिती या प्रश्नाला टिकते. कोठडीतला माणूस मोकळ्या आश्रमातली, जीव लावून ऐकणारी मंडळी कल्पून त्यांच्याशी बोलतो आहे, हे कळलं की त्या रात्रींची मांडणी नुसती सोय वाटत नाही. सावकाराचं आडनाव टिकत नाही. वसुलीला आलेला माणूस दारात येऊन अभद्र बोलतो आणि आई त्याला तिथेच सुनावते, त्या प्रसंगातला एक शब्दही आडनावामुळे हलत नाही.

हयात लेखकाच्या नव्या कादंबरीला ही चाळणी पुरत नाही. तिच्यातला खलनायक ओळखू येत असेल आणि त्याची सून आपल्याच सतरंजीवर बसलेली असेल, तर ‘ही कादंबरी आहे’ म्हणून हात झटकणं मला पटत नाही. तेव्हा मी नाव न घेता एवढंच विचारतो, की या माणसाला लेखकाने स्वतःची बाजू मांडणारं एखादं तरी वाक्य दिलं आहे का? नसेल तर तो कादंबरीचा दोष म्हणून बोलायचा. आणि तो दाखवायला कुणाच्या घरात डोकवावं लागत नाही, पानं उलटली की पुरतं.