चौकटीत बसलेले चार किल्ले

शाळेच्या वार्षिकांकात दर वर्षी एक शब्दकोडे असते. या वेळी ते माझ्याकडे आले, आणि विषय मुलांनीच सांगून टाकला: किल्ले. जुन्नर तालुक्यातल्या शाळेत दुसरे काय निघणार! चित्रकलेच्या सरांनी मात्र एक अट घातली. "बाई, पान उलटे धरले तरी काळ्या चौकटी तशाच दिसल्या पाहिजेत. पान सुबक दिसते." इंग्रजी कोड्यांत ही समरूपता नेहमीची आहे. आपल्याकडे ती सगळीकडे पाळली जात नाही, आणि का पाळली जात नाही ते मला लवकरच समजले.

नियम सांगायला सोपा आहे. नऊ बाय नऊची चौकट घेतली आणि तिसऱ्या ओळीत सहा घरांचा शब्द टाकला, तर खालून तिसऱ्या, म्हणजे सातव्या ओळीत, बरोबर उलट बाजूने मोजून सहा घरांचाच शब्द हवा. म्हणजे विषयाचे शब्द एकेकटे निवडता येत नाहीत, समान लांबीच्या जोड्या लावाव्या लागतात. एकट्या शब्दाला जागा फक्त मधल्या ओळीच्या मध्यभागी, आणि तिथे विषम अक्षरांचाच शब्द बसतो. नऊ घरांत पाच अक्षरे ठेवली की दोन्हीकडे दोन-दोन घरे उरतात. सहा ठेवली की तीन उरतात, आणि तीन दोहोंत वाटता येत नाहीत.

म्हणून आधी किल्ल्यांची यादी अक्षरसंख्येप्रमाणे लावली. मराठी कोड्यात एका घरात मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर यांच्यासकट एक अख्खे अक्षर जाते, त्यामुळे सिंधुदुर्ग चार घरांचा आणि तोरणा तीन घरांचा. चार अक्षरी किल्ले भरपूर निघाले, पाच अक्षरीही बरेच. हरिश्चंद्रगड सहा अक्षरांचा, आणि तो सोडवत नव्हता. त्याला जोडीदार सापडला तो आमच्याच तालुक्यात: नारायणगड. ना-रा-य-ण-ग-ड, सहा. तिसऱ्या ओळीत नारायणगड आणि सातव्या ओळीत हरिश्चंद्रगड.

आता हरिश्चंद्रगड नक्की कुठल्या घरापासून सुरू करायचा, हा खरा प्रश्न होता. उभे शब्द मी एक सोडून एक रकान्यात ठेवत होते, म्हणजे आडव्या शब्दाचे एक सोडून एक अक्षरच उभ्या शब्दात जाणार. पहिल्या घरापासून सुरुवात केली असती तर ह, श्चं आणि ग या अक्षरांवर उभे शब्द आले असते. श्चं असलेला, आठवीच्या मुलांना माहीत असलेला दुसरा शब्द कुठून आणायचा? 'निश्चिंत' म्हणाल, तर त्यात श्चिं आहे, श्चं नाही. आपल्याकडे च आणि चि ही दोन वेगळी अक्षरे, तिथे सूट मिळत नाही. मग शब्द एक घर उजवीकडे सरकवला. आता रि, द्र आणि ड या अक्षरांवर उभे शब्द आले आणि श्चं मोकळे राहिले. समरूपतेमुळे वरचा नारायणगड तिसऱ्या रकान्यापासून सुरू झाला. त्याची ना, य, ग ही अक्षरे उभ्या शब्दांना मिळाली, आणि तिन्ही सोपी आहेत.

मध्यभागी अजिंक्यतारा ठेवायची फार इच्छा होती. पाच अक्षरांचा, शेवटी 'गड' नाही, सगळे जुळत होते. त्याचा अ तिसऱ्या रकान्यात आला. सुटा अ म्हणजे शब्दाची सुरुवात, त्यामुळे तिथून खाली जाणारा शब्दच हवा, आणि त्याच रकान्यात दोन घरे खाली हरिश्चंद्रगडाचा रि होता. अ-प-रि-चि-त! अगदी तळापर्यंत नेमका बसला. पण त्याची जोडी सातव्या रकान्यात वरून खाली यायला हवी: पाच अक्षरांचा शब्द, तिसरे अक्षर ग, पाचवे रा. शब्दकोश चाळला, घरच्यांना छळले, असा शब्द मिळाला नाही. समरूपतेचा जाच असतो तो इथे. एका बाजूला कितीही छान जमले तरी आरशातली बाजू जमेपर्यंत ते धरून चालत नाही. असा अडलेला शब्द लवकर सोडावा. त्याच्यासाठी आजूबाजूला 'अडगळीतले' शब्द भरू लागलो की कोडे मुलांचे राहत नाही.

सुटका मधले घर काळे करण्यात निघाली. मधली ओळ दुभंगली: डावीकडे चार घरे, उजवीकडे चार घरे. चार अक्षरी किल्ल्यांची तर रांगच होती. रायगड, राजगड, सिंहगड मुद्दाम टाळले, कारण एकदा 'गड' कळला की मुले सगळीकडे शेवटची दोन घरे डोळे मिटून भरतात. डावीकडे पुरंदर घेतला, तेव्हा तिसऱ्या रकान्यात द आला. वर नारायणगडाचा ना होता, मध्ये एक घर. नारद. उजवीकडे शिवनेरी, त्याचा व सातव्या रकान्यात, आणि खाली हरिश्चंद्रगडाचा ड. व आणि ड यांच्यामध्ये एक अक्षर. बराच वेळ काही सुचेना, वगड, वरड असे काहीबाही पुटपुटत होते, आणि एकदम वऱ्हाड आले. नारद आणि वऱ्हाड एकमेकांची बरोबर उलटी जागा घेतात. चारही किल्ले एकमेकांत अडकले.

उरलेले भरणे जवळजवळ खेळच होता. नारायणगडाच्या य आणि ग वर विषय आणि पतंग येऊन टेकले, त्यांच्या डोक्यावर विलाप. हरिश्चंद्रगडाच्या रि आणि द्र पासून खाली रिकामा आणि द्रविड, आणि त्या दोघांची शेवटची अक्षरे जोडून तळाला माकड. पुरंदरच्या पु खाली पुणे, शिवनेरीच्या री वर दरी. आडवे ६, उभे ८. मोठे कोडे नाही, आणि डावीकडचा वरचा व उजवीकडचा खालचा कोपरा रिकामाच राहिला. तिथे सरांनी बुरूज काढून दिले. मला विचाराल तर काळ्या घरांपेक्षा तेच बरे दिसतात.

छपाईच्या नमुन्यात एक गोष्ट मुद्दाम तपासा: अनुस्वार. घर लहान असले की रं आणि श्चं वरचा टिंब चौकटीच्या रेषेत बुडतो आणि उत्तरात पुरदर दिसते. घर निदान एक सेंटिमीटरचे हवे आणि अक्षर त्यात थोडे खाली बसवायला सांगायचे.

सूचना मुलांसोबत लिहिल्या. किल्ल्याच्या नावाचा तुकडा सूचनेत नको, म्हणून नारायणगडाला 'नारायणगावाजवळचा' म्हणता येईना. 'खोडदच्या महादुर्बिणीच्या शेजारचा' म्हटले. हरिश्चंद्रगडाला 'कोकणकड्याचा मालक', पुरंदरला '१६६५ चा तह'. शिवनेरीला जन्मस्थान लिहिले तर आमच्या इथे पहिलीचे मूलही सांगेल, पण तेवढी एक सोपी सूचना हवीच, कोड्यात शिरायला दार लागते. वऱ्हाडासाठी 'लग्नाला निघालेली मंडळी, विदर्भातही सापडते'. माकडासाठी मी 'झाडावरचा नकलाकार' लिहिले होते. ते एका मुलाने खोडले आणि 'हरिश्चंद्रगडावर आमचा डबा पळवणारे' लिहिले. छापायला तेच गेले.