आधी तोंड बिघडलं, मग जबडा बसला

बारावीपर्यंत माझी हनुवटी इतकी पुढे आली होती की समोरच्या दातांनी भाकरीचा तुकडा तुटायचा नाही. खालचे दात वरच्यांच्या ३ मिलिमीटर पुढे. सगळा कारभार दाढांवर. गावातले पोट्टे मला 'कोयता' म्हणायचे.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. तालुक्याच्या गावी एका दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, खालच्या दोन छोट्या दाढा काढू, तारा लावून खालचे दात मागे ओढू, काम फत्ते. बाबा लगेच तयार झाले. नशीब, दाढा काढायच्या आधी मावसभावानं नागपूरला नेलं.

तिथल्या ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दातांना तारा लावणाऱ्या मॅडमनी चेहऱ्याचा बाजूनं एक्स-रे काढला आणि दाखवलं, की माझे दात आधीच जबड्याची चूक झाकत होते. खालचे आत कललेले, वरचे बाहेर. म्हणून फरक ३ दिसतो, हाडांतला खरा फरक त्याहून बराच मोठा. खालचे दात आणखी मागे ओढले असते, तर हनुवटी तशीच राहिली असती आणि पुढे ऑपरेशन करायचं म्हटलं तर सर्जनला जबडा मागे न्यायला जागाच उरली नसती. आम्हाला उलट करायचं होतं. वरच्या दोन छोट्या दाढा काढून वरचे दात मागे, खालचे सरळ उभे.

पण लगेच नाही. वर्षभरानं तोच एक्स-रे पुन्हा काढला, जबड्याची वाढ थांबल्याची खात्री झाली, मगच तारा बसल्या.

मग दर महिन्याला एसटीनं नागपूर. आणि दर महिन्याला माझं तोंड आणखी वाईट. वर्ष होईस्तोवर फरक ८ वर गेला. माय म्हणाली, "पैसे देऊन तोंड बिघडवून आनलं काय रे बाबू?" मी मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या आता कुठे खरा जबडा दिसायला लागला.

सर्जन सर आणि मॅडम एका टेबलावर बसले तो दिवस मला आठवतो. सरांनी प्लास्टरचे माझे दोन जबडे हातात घेतले आणि ऑपरेशननंतर जसे बसायला हवेत तसे जुळवून पाहिले. एका बाजूला सुळा आडवा येत होता. सर म्हणाले, असं ऑपरेशनला घेतलं तर चावा एका सुळ्यावरच अडेल. झालं, तारा आणखी दोन महिने. तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

हिशोब असा होता: ८ मिलिमीटर उलटे, आणि वरचे दात २ मिलिमीटर पुढे हवेत, म्हणजे एकूण १०. सगळे १० खालच्या जबड्यातून मागे नेले तर जिभेची आणि श्वासाची जागा आवळते, शिवाय जबडा परत पुढे सरकायची भीती. म्हणून वरचा ५ पुढे, खालचा ५ मागे. खालच्या अक्कलदाढा मात्र सहा महिने आधीच काढून टाकल्या होत्या, कारण हाडाचा काप तिथूनच जातो.

ऑपरेशनला श्वासाची नळी नाकातून, म्हणजे दात मिटून बघता येतात. आधी वरचा जबडा सुटा करून प्लॅस्टिकच्या साच्यात बसवला, टायटॅनियमच्या पट्ट्या लावल्या. मग खालचा दोन्हीकडून चिरून दुसऱ्या साच्यावर. सगळं तोंडाच्या आतून.

तिसऱ्या दिवशी चेहरा भोपळ्यासारखा सुजला. नाक शिंकरायला बंदी. वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेले, उशाशी कात्री, उलटी झाली तर कापायला. माय ज्वारीची आंबील दोनदा गाळून मोठ्या सिरिंजमध्ये भरायची, पुढे रबराची नळी, ती गालाच्या आतून मागे सरकवायची. खालच्या ओठाला काहीच कळत नव्हतं, आंबील हनुवटीवरून सदऱ्यावर उतरायची तेव्हा समजायचं. महिन्यात सहा किलो वजन गेलं. सहा आठवड्यांनी मऊ भात-वरण सुरू झालं.

एक मूर्खपणा केला. तिसऱ्या आठवड्यात रबरं जेवायला काढायची परवानगी होती, तर चुलतबहिणीच्या साखरपुड्यात ती दोन दिवस लावलीच नाहीत. तिसऱ्या दिवशी दात मिटले तर फक्त उजवीकडची दाढ टेकत होती. फोन केल्यावर मॅडमनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं आणि जाड रबरं रात्रंदिवस लावायला लावली. आठवड्यात जागेवर आलं. हाड जुळेपर्यंत स्नायू जबड्याला जुन्या जागी ओढत असतात, हे मला आधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

त्यानंतर सात महिने तारा, मग दात जागेवर धरून ठेवणारं रिटेनर. ओठाला चौथ्या महिन्यात मुंग्या येऊ लागल्या, मग बरीच जाणीव परतली. हनुवटीच्या डाव्या बाजूला रुपयाएवढा ठिपका अजून बधिर आहे. दाढी करताना तिथे आरशात बघूनच पातं फिरवतो.