‘रिपोर्ट फक्त तुम्हालाच’ असं नोटिशीत लिहिण्याआधी

रबाळे एमआयडीसीतल्या रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आस्थापना विभागात आहे. २०२४ च्या सुरुवातीला व्यवस्थापनाने ठरवलं की सगळ्यांची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी कंपनीच्या खर्चाने करायची. नोटीस काढायचं काम माझ्याकडे आलं. लॅबने पाठवलेल्या मजकुरात दोन वाक्यं ठळक होती: ‘सहभाग ऐच्छिक आहे’ आणि ‘माहिती गोपनीय राहील’. खाली तारीख टाकून फलकावर लावली असती तर चाललं असतं. पण त्याच लॅबच्या बाकीच्या कागदांत या दोन्ही वाक्यांच्या उलट मजकूर होता. त्यामुळे आधी कागद सरळ करायचे आणि नोटीस मग लावायची, असं मी ठरवलं.

पहिली अडचण आमच्याच कारखान्याची होती. रंग आणि रंगद्रव्यांचा उद्योग तेव्हा लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत होता. कारखाना कायदा १९४८ च्या कलम ४१-सी प्रमाणे घातक पदार्थ हाताळणाऱ्या कामगाराची तपासणी कामावर लावण्याआधी करावी लागायची, आणि पुढे जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने करत राहावी लागायची. ती कंपनीला टाळता येत नव्हती. तिची नोंद कंपनीने ठेवायची होती आणि कामगाराला ती पाहता यायला हवी होती. म्हणजे मिक्सिंगमधल्या माणसासाठी एक तपासणी सक्तीची आणि दुसरी मर्जीची. दोन्हींत रक्त घेणार, दोन्हींत छाती तपासणार. एकाच नोटिशीत ‘ऐच्छिक’ लिहिलं तर कोणी कायद्याची तपासणीही सोडून देईल. नाहीतर उलट, नवी तपासणीही सक्तीचीच आहे असं समजून निमूटपणे रांगेत उभा राहील.

कामगार प्रतिनिधींना मसुदा दाखवला, तेव्हा त्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. “मॅडम, साखर वाढलेली निघाली तर मिक्सिंगमधून काढून पॅकिंगला टाकतील, ही भीती आहे पोरांना. तुम्ही ऐच्छिक म्हणा नाहीतर काही म्हणा.” भीती खोटी नव्हती. मिक्सिंगला भत्ता आहे, पॅकिंगला नाही. म्हणून नोटिशीचा पहिला परिच्छेद आम्ही दोघांनी बसून असा लिहिला: ‘ही तपासणी कारखाना कायद्याखालील वैद्यकीय तपासणीपेक्षा वेगळी आहे. कायद्याची तपासणी नेहमीप्रमाणे होईल आणि काम करण्यास योग्य की अयोग्य हे फक्त तिच्यावरूनच ठरेल. या तपासणीचा निकाल कंपनीकडे येणार नाही, त्यामुळे कामाची जागा, बढती, वेतनवाढ किंवा कायम करणे यासाठी तो वापरता येणार नाही.’ ‘वापरणार नाही’ला कामगार प्रतिनिधी तयार नव्हते, ‘वापरता येणार नाही’ हवं म्हणाले. मला ते पटलं, पण मग निकाल खरंच कंपनीपर्यंत पोचणार नाही अशी व्यवस्था करणं भाग होतं.

लॅबची नेहमीची पद्धत अशी: तपासणी झाली की एक एक्सेल शीट आस्थापना विभागाला येते. डावीकडे नावं, पुढे साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, आणि मर्यादेबाहेरचे आकडे लाल रंगात. लॅबचे प्रतिनिधी म्हणाले, सगळ्या कंपन्यांना आम्ही हीच देतो. त्यांच्या संमतीपत्रातही छापलेलं होतं: ‘माझा अहवाल माझ्या नियोक्त्यास देण्यास माझी हरकत नाही.’ शेवटी एकच सही. सकाळी उपाशीपोटी रांगेत उभा असलेला माणूस ते वाचत नाही, सही करून पुढे सरकतो.

प्लांट मॅनेजर साहेबांना शीट हवी होती. “पैसे आपण देतोय, मग आपल्याला कळायला नको?” हा प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणे विचारला होता, म्हणून मीही नीट उत्तर दिलं. काम झेपेल का हे कळण्यासाठी कायद्याची तपासणी आहेच. एखाद्या सुपरवायझरचं कोलेस्टेरॉल कळून आपण करणार काय? उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत वैद्यकीय माहिती संवेदनशील मानली आहे. ती गोळा करायला लेखी संमती लागते, आणि एकदा घेतली की सांभाळायची जबाबदारी आपली. ज्या फाइलचा उपयोग नाही ती कपाटात ठेवून जोखीम का घ्यायची? साहेबांनी दोन दिवसांनी होकार दिला. पण एकूण चित्र तरी मिळालं पाहिजे, ही त्यांची अट राहिली. कँटीनचं जेवण बदलायचं की डोळ्यांची सोय करायची, हे त्यावरून ठरवता येतं. मागणी रास्त होती.

संमतीपत्रातली नियोक्त्याची ओळ काढून टाकली. त्या जागी एक स्वतंत्र चौकट घातली: ‘माझा अहवाल कंपनीच्या डॉक्टरांना दाखवावा.’ ती रिकामीच छापायची, ज्याला हवं त्याने स्वतः खूण करायची, आणि खूण नसेल तरी तपासणी पूर्ण व्हायची. काही गंभीर आढळलं तर लॅबने थेट त्या माणसाला फोन करायचा, आम्हाला नाही.

मग मोबाइल नंबरांचा प्रश्न आला. अहवाल मोबाइलवर येणार होता आणि लॅबने आमच्याकडून नंबरांची यादी मागितली होती. आमच्या नोंदीतले बरेच नंबर जुने. कोणाचा मुलाकडे असलेला फोन, कोणाचा गावच्या भावाचा. तो अहवाल कंपनीपासून लपला असता आणि घरात उघडा पडला असता. म्हणून यादी दिलीच नाही. नोंदणीच्या वेळी प्रत्येकाने आपला नंबर स्वतः सांगायचा, किंवा बंद पाकीट मागून ते लॅबच्या केंद्रातून घ्यायचं. पाकिटं माझ्या टेबलावर येणार नाहीत हे मी लॅबकडून लिहून घेतलं.

यानंतरचा प्रश्न मला एकटीला सुचला नसता. तो आमच्या कंपनीच्या डॉक्टरांनी दाखवला. लॅबच्या एकत्रित अहवालाच्या नमुन्यात नावं नव्हती, फक्त विभागवार आकडे होते. मला ते सुरक्षित वाटत होतं. डॉक्टरांनी कोरा कागद घेतला आणि मनाचे आकडे मांडले. समजा एकूण ११६ जण आले: उत्पादन ७६, कार्यालय ३४, गोदाम ६. साखर जास्त असलेले एकूण २९. त्यांत उत्पादनात १८, कार्यालयात ८, गोदामात ३. “गोदामातले सहा जण कोण, हे सगळ्या कारखान्याला माहीत आहे. त्यांच्यातल्या निम्म्यांना साखर आहे हे तुम्ही छापलंत. त्यातला एक जेवणाआधी गोळी घेतो, हेही सगळ्यांनी पाहिलंय. राहिले पाच, त्यांत दोघं. चर्चा सुरू.”

मी म्हटलं, गोदामाची ओळ झाकूया. त्यांनी पेन्सिलीने वजाबाकी केली. ११६ मधून ७६ आणि ३४ गेले की ६. २९ मधून १८ आणि ८ गेले की ३. ओळ झाकली तरी एकूण बेरीज ती उघडी करते. उपाय म्हणजे छोटा विभाग मोठ्यात मिसळायचा. उत्पादन आणि गोदाम मिळून ८२, त्यात २१. कार्यालय ३४, त्यात ८. आता बेरीज दाखवली तरी गोदाम वेगळं काढता येत नाही. आम्ही नियम केला की दहापेक्षा कमी माणसांचा गट छापायचाच नाही, आणि तीच माणसं वेगळ्या पद्धतीने पुन्हा विभागायची नाहीत. एकदा विभागाने आणि एकदा वयाने तक्ते दिले, की दोन्ही शेजारी ठेवून कोणीतरी माणसापर्यंत पोचतंच.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अहवाल एकदाच द्यायचा. शिबिरानंतर एक आणि उशिरा आलेल्यांना धरून दुसरा दिला, तर ११६ चे ११७ आणि २९ चे ३० झालेले दिसतात. उशिरा कोण गेलं हे ठाऊक असेल तर त्याचा निकाल हातात आला. म्हणून महिनाभराची पूर्ण मुदत संपल्यावरच एक कागद, तोही आधी डॉक्टरांच्या नजरेखालून.

महिनाभराची मुदत ‘ऐच्छिक’साठीही लागली. कारखान्यात ट्रेनिंग रूममध्ये फक्त दोन सकाळी शिबिर ठेवलं असतं, तर कोण आलं नाही ते प्रत्येक सुपरवायझरला दिसलं असतं. शिबिर ठेवलं, पण ऐरोली आणि ठाणे स्टेशनजवळची लॅबची केंद्रंही महिनाभर खुली ठेवली. कळवा-मुंब्र्याकडून येणाऱ्यांना ठाणं सोयीचं पडलं. नाव नसलेलं, फक्त क्रमांक असलेलं कूपन प्रत्येकाला बंद पाकिटात दिलं. कोणाला कोणता क्रमांक गेला याची नोंद ठेवली नाही. वापरलं का, हे विचारायचं नाही, असं सुपरवायझरांना लेखी कळवलं.

यावर अकाउंट्सने अडवलं. बिलासोबत नावांची यादी हवी, नाहीतर ऑडिटमध्ये काय दाखवणार? नावांची यादी म्हणजे आलेल्यांची यादी, आणि पगारपत्रकाशेजारी ठेवली की न आलेल्यांचीही. मी ऑडिटरांना आधीच भेटले. त्यांना सेवा मिळाल्याचा पुरावा हवा होता, माणसं नको होती. वापरलेल्या कूपनांचे क्रमांक, त्यांची संख्या आणि प्रति कूपन ठरलेला दर एवढ्यावर बिल मंजूर झालं.

कंत्राटी कामगारांबाबत मात्र अर्धंच जमलं. कूपनं त्यांनाही दिली, पण ती त्यांच्या कंत्राटदाराच्या माणसाने वाटली. कोणी वापरलं हे त्याने विचारलं नसेल, याची खात्री मला देता येत नाही. पुढच्या वेळी कूपनं गेटवर आम्हीच द्यायची, असं ठरलं आहे.

आणि कायद्याची तपासणी आता वेगळ्या महिन्यात ठेवली आहे. पहिल्या वर्षी दोन्हींमध्ये जेमतेम आठवड्याचं अंतर होतं, आणि नोटीस वाचूनही मिक्सिंगमधले एक काका मला विचारायला आले, “ह्यातली कुठली मी नाही म्हणू शकतो?”