तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटचा एक निरोप

‘मैत्रिणीनं मला ब्लॉक केलंय. शेवटचं एकदा लिहून पाठवू, की गप्पच राहू?’

ब्लॉक करण्याआधी तिने ‘यापुढे मला संपर्क करू नकोस’ असे स्पष्ट सांगितले असेल, तर गप्प राहावे. तिथे मजकूर कितीही मनापासूनचा असला तरी तो तिच्या शब्दाविरुद्ध जातो. काहीही न बोलता तिने ब्लॉक केले असेल, तेव्हाच हा प्रश्न खरोखर उरतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक दिसणे आणि फोटो नाहीसा होणे एवढ्यावरून ब्लॉक केल्याची खात्री होत नाही, कारण फोन बंद असला किंवा तिने गोपनीयतेची सेटिंग बदलली असली तरी तसेच दिसू शकते. पण ब्लॉक असेल, तर त्या काळात पाठवलेले संदेश नंतर ब्लॉक काढल्यावरही पोहोचत नाहीत. त्यामुळे ‘कधीतरी वाचेल’ म्हणून तिथे लिहीत राहण्यात काही अर्थ नाही.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी मैत्रिणीची नोकरी गेल्याची गोष्ट चारचौघांत बोलून टाकली होती. तिने ब्लॉक केल्यावर त्यांनी लिहिलेला मसुदा मला दाखवला. पानभर मजकुरात माफी दोनच ओळींची होती. बाकी सगळे ‘पण तूही तेव्हा’, ‘इतक्या वर्षांची मैत्री’ आणि ‘निदान एकदा बोल’ असे होते. मी त्यांना विचारले, की उत्तर कधीच येणार नाही हे आत्ता नक्की कळले, तरी यातले कोणते वाक्य पाठवाल? त्यांनी एकेक वाक्य खोडले आणि शेवटी एवढेच उरले: ‘तुझी गोष्ट मी सांगायला नको होती. ज्यांच्यापुढे बोलले, त्यांना ती पुढे न नेण्याची विनंती केली आहे. उत्तराची अपेक्षा नाही.’

मधले वाक्य तिला ठाऊक नव्हते आणि तिच्या उपयोगाचे होते, म्हणून पाठवण्याजोगे होते, असे मला वाटते. ते नसते, तर नुसत्या माफीसाठी मी त्यांना थांबायला सांगितले असते, कारण बंद केलेल्या दारातून आलेली माफी बहुधा लिहिणाऱ्याचेच मन हलके करते. त्यांनी तो मजकूर ईमेलने पाठवला, कारण ती वाट तिने बंद केलेली नव्हती. नव्या नंबरवरून किंवा दुसऱ्याच्या फोनवरून तोच मजकूर गेला असता, तर तो तिला पाठलागासारखा वाटला असता. उत्तर आले नाही, आणि ‘मेल मिळाला का’ हेही त्यांनी विचारले नाही.

ईमेलही बंद असेल, तर लिहू नये. तिचे पैसे किंवा कागदपत्रे तुमच्याकडे राहिली असतील, तर दोघींच्या ओळखीच्या कुणाकडून ती पोहोचवावीत, पण सोबत निरोप देऊ नये आणि ‘ती काय म्हणाली’ असेही त्या व्यक्तीला नंतर विचारू नये.