आधी मोठ्या एज: कपॅसिटी स्केलिंगचा माझा अनुभव

माझा मॅक्स फ्लोचा कोड, म्हणजे s नोडपासून t नोडपर्यंत जास्तीत जास्त किती फ्लो जाऊ शकतो ते काढणारा, डीएफएसने पाथ शोधत असे. उत्तर बरोबर यायचं, पण कपॅसिटी मोठ्या झाल्या की संपता संपायचा नाही. कारण शोधायला चार नोडचा ग्राफ घेतला: s→a, s→b, a→t, b→t या प्रत्येकीची कपॅसिटी 10,00,000 आणि मधल्या a→b ची फक्त 1. डीएफएस आधी s-a-b-t ने जायचा, मग आधी ढकललेला फ्लो मागे घेणारी उलट एज धरून s-b-a-t ने, आणि पुन्हा तेच. दर वेळी फ्लो 1 ने वाढणार, म्हणजे 20,00,000 ऑगमेंटेशन!

मग स्केलिंग घातलं. `d` ही कमाल कपॅसिटीत बसणारी दोनची सर्वांत मोठी घात, इथे 524288. पाथ शोधताना जिची उरलेली कपॅसिटी `d` पेक्षा कमी, ती एज नाहीच असं समजायचं. उलट एजलाही हाच नियम.

```
while (d >= 1) {
    while ((p = path(d)) > 0) flow += p;
    d /= 2;
}
```

मधली एज आता दिसतच नाही. s-a-t आणि s-b-t, दोन ऑगमेंटेशनमध्ये काम फत्ते. पुढच्या 19 फेऱ्यांत प्रत्येकी एक रिकामा शोध, बस. मात्र `path` पाथवरची सगळ्यात कमी उरलेली कपॅसिटी ढकलतो, फक्त `d` नव्हे.

हे या सोप्या ग्राफपुरतंच असेल, अशी शंका मला होती. ती गेली कटकडे, म्हणजे नोडच्या दोन गटांमधल्या एजकडे, पाहिल्यावर. फेरी संपते तेव्हा s पासून जिथवर पोचता येतं त्या नोडचा संच S घ्या. S मधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक एजवर `d` पेक्षा कमी जागा उरलेली असते, आणि आत येणाऱ्या एजवर `d` पेक्षा कमी फ्लो असतो. नाहीतर पाथ पुढे सरकला असता. एज एकूण m, म्हणून सर्वोत्तम फ्लो आत्ताच्यापेक्षा जास्तीत जास्त m·d ने मोठा. पुढच्या फेरीतलं प्रत्येक ऑगमेंटेशन किमान d/2 देतं, तेव्हा त्या फेरीत 2m च्या वर ऑगमेंटेशन होऊच शकत नाहीत. पहिल्या फेरीलाही 2m पुरतात, कारण s मधून निघणाऱ्या एकाही एजची कपॅसिटी 2d पर्यंत पोचत नाही. कमाल कपॅसिटी U असेल तर फेऱ्या साधारण log U, एका शोधाला O(m), एकूण O(m² log U).

`d >= 1` च्या जागी `d > 1` लिहिलं तर कोड मुकाट्याने चालतो आणि उत्तर थोडंसं कमी येऊ शकतं. हे पकडायला सगळ्या कपॅसिटी 1 असलेला ग्राफ द्यावा, उत्तर थेट शून्य येतं. तसल्या ग्राफवर स्केलिंगचा फायदाही काही नाही: फेरी एकच, म्हणजे जुनाच कोड. आणि हा सगळा हिशोब पूर्णांक कपॅसिटीचा आहे. अपूर्णांक असतील तर आधी सगळ्यांना एकाच संख्येने गुणून पूर्णांक करून घ्यावे लागतात.