टाळीच वाजली नाही

आज अंबाजोगाईत अमेरिकी गायिका अरेथा फ्रँकलिन यांचा ‘अमेझिंग ग्रेस’ हा चित्रपट बघितला. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री हे गाणं झालं. आल्बम त्याच वर्षी आला, चित्रपट मात्र २०१८ ला! त्याचं एक मोठं कारण असं, की चित्रीकरणात क्लॅपची पाटी वापरली नव्हती.

कॅमेऱ्यात फक्त चित्र, आवाज वेगळ्या टेपवर. पाटीच्या फळ्या मिटतात ती फ्रेम आणि टेपवरचा ‘टक्’ जुळवला की दोन्ही सोबत धावतात. इथं कॅमेरे अनेक, ते मधेच बंद-चालू होणारे, आणि खूण कुठंच नाही. मग तुकडा न् तुकडा ओठ बघून जुळवायचा. पुढं डिजिटल तंत्र आलं तेव्हा कुठं ते जमलं.

गाण्याचा चित्रपट बघताना म्हणूनच ‘प’, ‘ब’, ‘म’ वर नजर ठेवा. तिथं ओठ मिटतातच. ताना घेताना तोंड उघडंच असतं, त्यावरून काही कळत नाही.

आज सुरुवातीला आमच्याकडंही काडी ड्रमवर आधी पडायची, आवाज मागून यायचा. दोष ब्लूटूथ स्पीकरचा; आवाज त्याच्यापर्यंत पोहोचून वाजायला वेळ लागतो. वायर लावली, जुळलं. वायर नसेल तर विंडोजच्या लॅपटॉपवर VLC मध्ये J दाबा, दर वेळी आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो. जास्त झालं तर K. हे टाळ्यांवर नका जुळवू, शंभर हात एकदम पडत नसतात. ड्रमची एकच काडी धरा.